लांबलेली आकडी आणि घरातले तातडीचे औषध: गालातून की गुदमार्गातून, आणि वजनानुसार किती?

अपस्माराच्या किंवा तापात येणाऱ्या आकडीच्या मुलांना तपासताना मी पालकांच्या हाती तातडीच्या औषधाची चिठ्ठी देतो, तेव्हा जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. तुमच्या मुलाचे औषध आणि त्याचे प्रमाण त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलेच धरावे. येथील हिशेब ते प्रमाण समजून घेण्यासाठी आणि भरलेली सिरिंज बरोबर आहे का, हे पडताळण्यासाठी आहेत. मूल तीन महिन्यांपेक्षा लहान असेल किंवा आकडी आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल, तर घरी औषध न देता थेट रुग्णालय गाठावे. शेजारच्या मुलाचे औषध आणून देणे तर कटाक्षाने टाळावे.

औषध नेमके केव्हा द्यायचे?

हातपाय झटकणारी किंवा सर्वांग ताठ करणारी आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, तर पाचवे मिनिट पूर्ण होताच औषध द्यावे. डॉक्टरांनी तुमच्या मुलासाठी वेगळी वेळ लिहिली असल्यास ती पाळावी. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि त्यांना औषधाची गरज नसते. पाच मिनिटे ओलांडलेली आकडी मात्र स्वतःहून थांबण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. मेंदूच्या पेशींच्या पृष्ठभागावर औषध जिथे जाऊन चिकटते त्या जागांना ग्राहक म्हणतात, आणि त्यांच्यावर काम करून ही औषधे आकडी शमवतात. पण आकडी जितकी लांबते तितके हे ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात, आणि म्हणून पाचव्या मिनिटाला लागू पडणारे औषध विसाव्या मिनिटाला तितकेसे लागू पडत नाही. घरी औषध ठेवण्याचे कारण हेच आहे, कारण रुग्णालयापर्यंतच्या प्रवासात ही मिनिटे हातची निघून जातात.

आकडी सुरू होताच कोणीतरी एकाने घड्याळ पाहून वेळ मोठ्याने सांगावी. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट पाच मिनिटांसारखे वाटते, आणि कधी याच्या उलटही होते. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात, हातात लोखंड देण्यात आणि दातांत चमचा घालण्यात हीच पाच मिनिटे खर्ची पडलेली मी अनेकदा पाहिली आहेत. त्या वेळात मुलाला कुशीवर वळवावे, मानेजवळचे कपडे सैल करावेत आणि औषध काढून ठेवावे. आकड्या लहान असूनही एकामागून एक येत असतील आणि मधल्या वेळात मूल शुद्धीवर येत नसेल, तर तीही लांबलेली आकडीच समजावी.

गालातून द्यायचे औषध चांगले की गुदमार्गातून द्यायचे?

गालातून मिडॅझोलाम देतात आणि गुदमार्गातून डायझेपाम. दोन्ही औषधे एकाच कुळातील आहेत आणि साधारणतः पाच ते दहा मिनिटांत परिणाम दाखवतात. ब्रिटनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७७ मुलांच्या २१९ आकड्यांवर या दोन पद्धती ताडून पाहिल्या गेल्या. औषध दिल्यापासून दहा मिनिटांत आकडी थांबणे, श्वास मंदावू न देता थांबणे आणि तासाभरात पुन्हा न येणे, अशी यशाची कसोटी होती. गालातील मिडॅझोलामला ५६ टक्के आणि गुदमार्गातील डायझेपामला २७ टक्के यश मिळाले. म्हणून निवड करता येत असेल, तर मी गालाचा मार्ग आधी सुचवतो. शाळेत, बसमध्ये किंवा लग्नाच्या मांडवात मुलाचे कपडे उतरवावे लागत नाहीत, हेही कारण छोटे नाही. बारा वर्षांच्या मुलीच्या आईला विचारले तर ती हेच पहिले कारण सांगेल.

तरीही गुदमार्गाला स्वतःची जागा आहे. तोंडातून लाळ किंवा उलटी इतकी वाहत असेल की गालात काही टिकणार नाही, तेव्हा हाच मार्ग उपयोगी पडतो, आणि लहान बाळांमध्ये तो सोपाही जातो. यासाठी द्रवरूप डायझेपामच हवे. गुदमार्गात ठेवायची घन वडी वितळून शोषली जाण्यास वेळ घेते, त्यामुळे चालू आकडीसाठी तिच्यावर विसंबू नये. जुलाब होत असतील तर हा मार्ग भरवशाचा राहत नाही.

तापात आकडी येऊ नये म्हणून दिलेली क्लोबाझामची गोळी आणि हे तातडीचे औषध यांची गल्लत करू नये. आकडी चालू असताना गोळी, सिरप किंवा पाणी असे गिळायचे काहीही तोंडात घालायचे नाही.

वजनावरून प्रमाण कसे काढतात?

चार वर्षांची, १४ किलो वजनाची एक मुलगी डोळ्यांसमोर ठेवू.

गालातील मिडॅझोलामचे नेहमीचे प्रमाण दर किलोला ०.३ मिलिग्रॅम असते आणि एका वेळची कमाल मर्यादा १० मिलिग्रॅम. या मुलीसाठी १४ गुणिले ०.३ म्हणजे ४.२ मिलिग्रॅम होतात. आता हे मिलिग्रॅम द्रवात मोजायचे आहेत. मिडॅझोलामच्या इंजेक्शनच्या एका ॲम्प्यूलवर दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असे छापलेले असते. ४.२ ला ५ ने भागले की ०.८४ मिलिलिटर येतात. एक मिलिलिटरच्या सिरिंजवर ०.८४ ची रेघ सापडते, पण रात्री अडीच वाजता थरथरत्या हातांनी ती शोधणे अवघड असते. मी अशा चिठ्ठीवर ०.८ मिलिलिटर असा पूर्ण आकडा लिहितो. त्यातून ४ मिलिग्रॅम औषध जाते, आणि हा फरक औषधाच्या परिणामाला बाधा आणणारा नाही.

गुदमार्गातील डायझेपामचे प्रमाण पाच वर्षांखालील मुलांत दर किलोला ०.५ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे याच मुलीला ७ मिलिग्रॅम लागतील. डायझेपामचे इंजेक्शनही दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असे येते, तेव्हा ७ भागिले ५ म्हणजे १.४ मिलिलिटर. येथे एक सोपा पडताळा आहे: ०.५ मिलिग्रॅमचे प्रमाण असेल, तर दर किलोला ०.१ मिलिलिटर. दहा किलोच्या बाळाला १ मिलिलिटर, १४ किलोला १.४ मिलिलिटर. मूल मोठे होते तसे दर किलोचे प्रमाण कमी करतात. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ते ०.३ च्या आसपास असते, त्यामुळे हा पडताळा मोठ्या मुलांना लावू नये.

मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांचा एवढा आग्रह का?

घरी होणारी सर्वांत मोठी चूक येथेच होते, आणि ती दोन्ही दिशांनी होऊ शकते. मिडॅझोलामचे इंजेक्शन बाजारात दोन तीव्रतांचे मिळते: एकात दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम, दुसऱ्यात दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. नाव तेच, द्रव तसाच रंगहीन, आणि छापील अक्षरे बारीक.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांनी मुदत संपलेली ॲम्प्यूल बदलण्यासाठी दुसऱ्या गावातील औषधाच्या दुकानातून नवे औषध आणले. ते १ मिलिग्रॅमचे होते. चिठ्ठीवर फक्त ०.८ मिलिलिटर एवढेच लिहिलेले होते, आणि ती चिठ्ठी मीच लिहिली होती. त्यांनी तेवढेच दिले. म्हणजे ४ मिलिग्रॅमऐवजी मुलाला ०.८ मिलिग्रॅम, हव्या त्या औषधाचा केवळ पाचवा हिस्सा मिळाला, आणि आकडी रुग्णालयात पोहोचेपर्यंत चालू राहिली. वडिलांनी चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे सर्व काही अचूक केले होते. चूक चिठ्ठीत होती.

उलट दिशेची चूक अधिक धोक्याची आहे. १ मिलिग्रॅमच्या औषधासाठी लिहिलेले ४.२ मिलिलिटर कोणी ५ मिलिग्रॅमच्या ॲम्प्यूलमधून भरले, तर ते २१ मिलिग्रॅम होतात. म्हणजे पाचपट, आणि कमाल मर्यादेच्या दुप्पटीहून जास्त. येथे एक खूण लक्षात ठेवावी. गालात चार-पाच मिलिलिटर द्रव टिकतच नाही. त्यातला बराचसा गिळला जातो, बाहेर वाहतो किंवा घशाकडे जाऊन ठसका लागतो. लहान मुलासाठी सिरिंज एक-दीड मिलिलिटरच्या पुढे भरावी लागत असेल, तर हात थांबवून ॲम्प्यूलवरील तीव्रता पुन्हा वाचावी.

त्या प्रसंगानंतर मी प्रत्येक चिठ्ठीवर चार गोष्टी एकाच ओळीत लिहितो: वजन, मिलिग्रॅम, ॲम्प्यूलची तीव्रता आणि मिलिलिटर. वरच्या मुलीसाठी ती ओळ अशी होते: “वजन १४ किलो, मिडॅझोलाम ४ मिलिग्रॅम, दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असलेली ॲम्प्यूल, ०.८ मिलिलिटर गालात.” तुमच्या चिठ्ठीवर यातील एखादी जरी गोष्ट राहिली असेल, तर ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. ॲम्प्यूल घेताना दुकानाच्या काउंटरवरच तीव्रता वाचून चिठ्ठीशी जुळवावी आणि न जुळल्यास परत करावी.

परदेशातील नातेवाईक सांगतात की त्यांच्या मुलाला वयावरून प्रमाण दिले आहे. मग बरोबर कोणते?

दोन्ही बरोबर असू शकतात. ब्रिटनमध्ये गालातील मिडॅझोलाम आधीच भरलेल्या सिरिंजमध्ये मिळते आणि वयानुसार तिचे चार टप्पे आहेत: तीन महिने ते एक वर्षाच्या आत २.५ मिलिग्रॅम, एक ते चार वर्षे ५ मिलिग्रॅम, पाच ते नऊ वर्षे ७.५ मिलिग्रॅम आणि दहा वर्षांपासून १० मिलिग्रॅम. आपली १४ किलोची मुलगी तेथे असती तर तिला ५ मिलिग्रॅम मिळाले असते, म्हणजे दर किलोला सुमारे ०.३६. वर उल्लेखलेल्या २००५ च्या अभ्यासात तर दर किलोला सुमारे ०.५ मिलिग्रॅम वापरले होते. त्यामुळे दोन डॉक्टरांच्या आकड्यांत थोडा फरक दिसला, तर घाबरून स्वतः आकडा बदलू नये. जेथे आपण ॲम्प्यूलमधून भरतो, तेथे मात्र वजनाचाच आधार घ्यावा, कारण आपल्याकडे एकाच वयाच्या दोन मुलांच्या वजनात चार-पाच किलोंचे अंतर सहज असते.

गालात औषध घालण्याची पद्धत काय?

मुलाला कुशीवर ठेवून तोंडातील लाळ मऊ कापडाने टिपून घ्यावी. ॲम्प्यूलची मान कापसाने किंवा कापडाने धरून तोडावी, सुई लावलेल्या सिरिंजने औषध ओढावे, हवा काढून टाकून ठरलेल्या रेघेवर दट्ट्या आणावा. त्यानंतर सुई काढून बाजूला ठेवावी आणि कोणाला तरी मोठ्याने “सुई काढली” असे म्हणायला लावावे. घाईत सुई तशीच राहिल्याचे प्रसंग घडतात, म्हणून हे शब्द मी पालकांकडून सरावात म्हणवून घेतो.

सिरिंजचे टोक खालच्या बाजूच्या गालाच्या आत, हिरडी आणि गाल यांच्या मधल्या खाचेत सरकवावे. दात घट्ट मिटलेले असले तरी ही खाच मोकळीच असते, त्यामुळे जबडा उघडण्याचा प्रयत्न करण्याचे कारणच उरत नाही. औषध चार-पाच सेकंदांत हळूहळू सोडावे. मात्रा जास्त असेल तर निम्मी एका गालात आणि निम्मी दुसऱ्या गालात द्यावी. नंतर गाल बाहेरून हलकेच चोळावा. औषध घशात नव्हे, गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून रक्तात जायचे आहे, हे लक्षात ठेवले की टोक कुठे हवे ते आपोआप उमगते.

साध्या पाण्याने भरलेली सिरिंज घेऊन हा सराव घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा तरी करावा. आजी-आजोबा मुलाला सांभाळत असतील तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी.

आणि गुदमार्गातून?

मुलाला डाव्या कुशीवर ठेवून वरचा गुडघा पोटाकडे वाकवावा. औषध भरून सुई काढल्यावर सिरिंजच्या टोकाला व्हॅसलीन किंवा साधे तेल लावावे. एक मिलिलिटरची बारीक सिरिंज असेल तर ती अलगद चार ते पाच सेंटिमीटर आत सरकवून औषध सोडावे. बाळ लहान असेल तर किती आत घालायचे, हे आधीच दाखवून घ्यावे. १.४ मिलिलिटरसारख्या मात्रेसाठी मोठी सिरिंज लागते आणि ती तेवढी आत जात नाही, म्हणून तिच्या टोकाला छोटी मऊ नळी जोडून देतात. ती जोडायला रुग्णालयातील परिचारिकेकडून शिकून घ्यावे. नळी वापरल्यास औषधामागून थोडी हवा ढकलावी, नाहीतर औषध नळीतच अडकून राहते. सिरिंज बाहेर काढल्यावर दोन्ही कुल्ले काही मिनिटे जवळ दाबून धरावेत. औषध बाहेर आले तर किती आले हे कळत नाही, म्हणून दुसरी मात्रा भरू नये.

आम्हाला नाकात मारायचा फवारा दिला आहे. त्याचे गणित वेगळे आहे का?

होय. फवाऱ्यातही मिडॅझोलामच असते, पण नाकातील प्रमाण दर किलोला ०.२ मिलिग्रॅम धरतात. १४ किलोच्या मुलीला २.८ मिलिग्रॅम लागतात, आणि एका दाबात ०.५ मिलिग्रॅम येत असेल तर पाच ते सहा दाब, दोन्ही नाकपुड्यांत वाटून. एका दाबात १.२५ मिलिग्रॅम देणारा फवारा असेल तर दोनच दाब पुरतात. येथेही नाव एक आणि तीव्रता दोन, म्हणून वरचीच काळजी घ्यावी. नवी बाटली पहिल्यांदा वापरताना सुरुवातीचे दाब कोरडे जातात, ते आधी हवेत मारून घ्यावेत.

औषधाने मुलाचा श्वास थांबेल, ही भीती खरी आहे का?

ही भीती निराधार नाही, पण तिच्यामुळे औषध रोखून धरणे अधिक घातक ठरते. २००५ च्या त्या अभ्यासात दोन्ही गटांत साधारण वीसपैकी एका प्रसंगी श्वास मंदावला आणि दोन्ही औषधांत याबाबत ठळक फरक नव्हता. लांबलेली आकडी स्वतःही श्वास बिघडवते. धोका खऱ्या अर्थाने वाढतो तो मात्रा पुन्हा पुन्हा दिल्याने: घरी एक, वाटेतील दवाखान्यात दुसरी, आणि आधीच्या दोन कोणी सांगितल्या नाहीत म्हणून रुग्णालयात तिसरी.

म्हणून औषध दिल्यावर मुलाजवळ बसून छातीची हालचाल पाहावी. छाती नियमितपणे वर-खाली होत असेल आणि ओठ गुलाबी असतील, तर मूल गाढ झोपले तरी चिंता नको. श्वास फार हळू किंवा उथळ झाला, घरघर लागली, ओठ निळसर झाले किंवा चिमटा घेऊनही मूल हलत नसेल, तर १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत हनुवटी किंचित वर उचलून श्वासमार्ग मोकळा ठेवावा. मूल आधीच फेनोबार्बिटोन किंवा क्लोबाझाम घेत असेल, अथवा त्याला श्वसनाचा जुना आजार असेल, तर चिठ्ठी घेतानाच डॉक्टरांना ते सांगावे.

औषध दिले, पण आकडी थांबली की नाही हेच कळत नाही. काय करावे?

थांबताना झटक्यांमधील अंतर वाढत जाते, मग एक खोल श्वास येतो आणि शरीर सैल पडते. मोठे झटके थांबूनही डोळे एकाच बाजूला ओढलेले राहिले, ओठाचा कोपरा किंवा एखादे बोट बारीक फडफडत राहिले, तर आकडी आत चालू आहे असे समजावे.

औषध दिल्यापासून पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, तर रुग्णालयात निघावेच. गाव आडबाजूला असेल तर औषध देतानाच १०८ ला कळवणे शहाणपणाचे आहे. औषध लाळेबरोबर बाहेर आल्याची शंका आली तरी, डॉक्टरांनी लिहून दिले नसल्यास, घरी दुसरी मात्रा देऊ नये. रिकामी ॲम्प्यूल सोबत घ्यावी आणि मुलाच्या हातावर पेनाने वेळ व मिलिग्रॅम लिहावे, उदाहरणार्थ “२.३५, मिडॅझोलाम ४”. तिकडच्या डॉक्टरांना पुढची मात्रा ठरवताना एवढी ओळ पुरते. औषधाने आकडी थांबली, पण हे औषध पहिल्यांदाच दिले असेल, ताप असेल किंवा मूल तासाभरात ओळख देत नसेल, तरीही त्याच दिवशी दाखवून घ्यावे.

औषध कसे सांभाळायचे आणि आकडा केव्हा बदलायचा?

ॲम्प्यूल मूळ खोक्यात, उजेडापासून दूर, कोरड्या जागी ठेवावी, पण कुलूपबंद नसावी. मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर असली की पुरे. आधीच सिरिंजमध्ये भरून महिनोन्महिने ठेवू नये. खोक्यात दोन ॲम्प्यूल, दोन सिरिंज, कापूस आणि ती चार गोष्टींची ओळ असलेला कागद एकत्र असावा. ॲम्प्यूल तोडताना एखादी फुटते, म्हणून दोन. शाळेसाठी असाच दुसरा संच आणि डॉक्टरांचे सहीचे पत्र द्यावे. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद ठेवावी लागते, म्हणून मुदत संपण्याच्या महिनाभर आधीच नवी चिठ्ठी घ्यावी.

वजन दर तीन महिन्यांनी करावे. आपली १४ किलोची मुलगी सहाव्या वर्षी १८ किलोंची झाली, तर तिला ५.४ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या ॲम्प्यूलमधून सुमारे १.१ मिलिलिटर लागतील, आणि जुन्या कागदावरचे ०.८ तिला अपुरे पडतील. एक मिलिलिटरची सिरिंजही आता लहान ठरते, तेव्हा कागदाबरोबर सिरिंजही बदलावी आणि जुना कागद खोक्यातून काढून फाडून टाकावा.